स्थूल रुग्णाचा इको वाचताना
१६० सेंमी उंची आणि १२० किलो वजन असलेल्या स्त्रीचे शरीर-पृष्ठफळ मोस्टेलर सूत्राने सुमारे २.३१ चौ.मी. येते, त्यामुळे डाव्या जवनिकेचे २१० ग्रॅम वस्तुमान त्याने भागल्यावर ९१ उरते आणि स्त्रियांसाठीच्या ९५ ग्रॅम प्रति चौ.मी. या मर्यादेत बसून जाड झालेले हृदय अहवालात निरोगी ठरते. भाजक चरबीने फुगलेला असतो, हे खरे कारण. तेच वस्तुमान मीटरमधील उंचीच्या २.७ घाताने भागा: उत्तर ५९, मर्यादा ४४. हृदयाच्या रक्तप्रक्षेपणाचेही तसेच आहे: मिनिटाला ५ लिटर असताना त्याच पृष्ठफळाने भागून आलेला निर्देशांक २.२ पर्यंत उतरतो, म्हणून औषधे सुरू करण्यापूर्वी मूळ आकडा, रक्तदाब, लॅक्टेट आणि लघवीचे प्रमाण अवश्य पाहावे.