लोगो उसळत नव्हता, नुसता उतरत होता

धरमपेठेतल्या एका क्लाससाठी दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर नवशिक्यांचा व्हिडिओ करत होतो: लोगो वरून पडतो, उसळतो, थांबतो. माझा आवाज ऐकत भाच्यानं ते करून पाहिलं. म्हणाला, "मामा, हा तर लिफ्टसारखा उतरून राहिला ना!"

त्याचं बरोबर होतं. स्क्रिप्टमध्ये वेळेचे आकडेच नव्हते. उसळी पाव उंचीची झाली, की तिला वेळ निम्मा लागतो. सगळ्या उसळ्यांना सारखा वेळ दिला तर डोळ्याला वजन जाणवत नाही. म्हणून सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर असं लिहिलं: सुरुवातीला Position Y, म्हणजे लोगोची उंची, 640, बाराव्या फ्रेमवर 0, अठराव्यावर 160, चोविसाव्यावर 0, सत्ताविसाव्यावर 40, तिसाव्यावर 0. टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होते, त्यामुळे तिसावी फ्रेम 01:00:01:05 ला येते. हे बोलून सांगावंच लागतं, नाहीतर पोरं 30 शोधत बसतात.

वाक्यांचा क्रमही बदलला. "Y शून्य करा, बाराव्या फ्रेमवर" असं ऐकलं की माणूस आधी आकडा टाकतो आणि सुरुवातीचाच कीफ्रेम, म्हणजे तिथं नोंदलेला आकडा, पुसला जातो. आता आधी "प्लेहेड बाराव्या फ्रेमवर न्या", मग जरा थांबा, मग आकडा.

शेवटी कर्व्ह एडिटर, म्हणजे हालचालीचा आलेख. वरच्या टोकांना वक्र गोल, जमिनीवर टोकदार. जमिनीवरही गोल केलात तर लोगो गादीवर पडल्यागत टेकतो.