सोमवारची वही : खानावळीचा आठवडा चार आकड्यांत कसा वाचावा

मालवणात माझ्या वहिनीची खानावळ आहे. आठ टेबले, एक आचारी, दोन पोरे. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ती गल्ला समोर घेऊन बसली होती. म्हणाली, "आठवडाभर गर्दी तर मोप होती, मगे पैसे खंय गेले?" मी आयुष्यभर दुकानदारांची खाती लिहीत आलो. हा प्रश्न मला नवा नव्हता, पण वर्षअखेरच्या ताळेबंदात त्याचे उत्तर सापडत नाही. तोवर माशासारखाच तोही शिळा झालेला असतो. उत्तर हवे तर दर आठवड्याला चार आकडे मांडावे लागतात. ते कसे काढायचे, ते वहिनीच्याच हिशेबावरून सांगतो. समजायला सोपे जावे म्हणून रकमा गोल केल्या आहेत.

वार आधी ठरवा. आमच्याकडे बरेच जण सोमवारी मासे खात नाहीत, त्यामुळे दुपारनंतर खानावळ रिकामी असते आणि रविवारची गर्दी उरकल्याने फ्रीजही जवळजवळ रिकामा असतो. माल मोजायला यापेक्षा बरी वेळ नाही. तुमचा धंदा वेगळा असेल तर वेगळा वार घ्या, पण एकदा घेतलेला बदलू नका.

पहिला आकडा : किती ताटे गेली, आणि किती जायला हवी होती

विक्रीच्या रुपयांपेक्षा ताटे मोजणे बरे, कारण सुरमईचा भाव वाढला म्हणून थाळी महाग केली की विक्री फुगलेली दिसते आणि गिऱ्हाईक घटलेले कळत नाही. विकलेली ताटे वेगळी लिहा आणि फुकटची वेगळी. पर्यटकांची गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचे ताट, घरच्यांची जेवणे, पोरांची जेवणे ही सगळी फुकटच्या रकान्यात. आम्ही पहिल्यांदा मोजली तेव्हा ती वहिनीच्या अंदाजाच्या दुप्पट निघाली.

आता "किती हवी" हे कसे ठरवायचे? इथे बहुतेक जण चुकतात, आणि कोकणात ही चूक जास्त महागात पडते. महिन्याचा ठरलेला खर्च घेऊन त्याला चाराने भागायचे, ही नेहमीची रीत. पण किनाऱ्यावरची खानावळ बारा महिने कुठे चालते? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, किल्ल्याच्या होड्या बंद, मग श्रावण. वहिनीची खानावळ साधारण दसऱ्यानंतर उघडते आणि मे संपताना बंद होते. म्हणजे धंद्याचे आठवडे फक्त ३४. या ३४ आठवड्यांनी ५२ आठवडे पोसायचे असतात.

म्हणून वर्षाचा खर्च मांडा. भाडे महिना १५,०००, कर्जाचा हप्ता ९,००० आणि वहिनीचा स्वतःचा घरखर्च २०,००० हे बाराही महिने चालू, त्याचे ५,२८,००० झाले. घरखर्च धरायलाच हवा. मालकाने पगार घेतला नाही म्हणून दिसणारा नफा हा नफा नव्हे. आचारी आणि पोरांचा मिळून ४२,००० पगार आणि ६,००० वीजबिल फक्त आठ महिने, म्हणजे ३,८४,०००. किरकोळ डागडुजीचे वर्षाला ४८,०००. एकूण ९,६०,०००.

याला ५२ ने भागले तर आठवड्याला साधारण १८,५०० येतात आणि ३४ ने भागले तर २८,२००. वहिनीच्या डोक्यात पहिला आकडा होता. म्हणून तिला दर आठवड्याला फायदा दिसायचा आणि दर ऑगस्टात सोने गहाण पडायचे.

आता एका ताटामागे काय उरते ते पाहा. तिच्याकडे सुरमई थाळी ३४० ला आणि बांगडा थाळी १९० ला. पाच ताटांत दोन सुरमईची जातात, म्हणून सरासरी ताट २५० ला पडते. त्यात मासे, नारळ, तांदूळ, तेल, मसाला, गॅस मिळून ११५ चा माल लागतो. उरले १३५. आता २८,२०० ला १३५ ने भागा, उत्तर सुमारे २१०. आठवड्याला २१० ताटे, म्हणजे रोजची तीस. वहीच्या पानावर वरच हा आकडा लाल पेनाने लिहून ठेवा. भाडे, पगार किंवा थाळीचा दर बदलला तरच तो पुन्हा काढायचा.

दुसरा आकडा : शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचे किती

त्या आठवड्यात वहिनीची २५० ताटे गेली होती. लाल रेषेच्या चाळीस वर. मग पैसे गेले कुठे?

मालाचा खर्च म्हणजे आठवड्यात केलेली खरेदी नव्हे. गेल्या सोमवारी जो माल शिल्लक होता त्यात खरेदी मिळवायची आणि या सोमवारची शिल्लक वजा करायची. तिच्याकडे आधीचा माल ९,००० चा होता, खरेदी ३१,५०० ची झाली आणि उरला ८,००० चा. म्हणजे वापरला गेला ३२,५०० चा. विक्री ६२,५००. शंभरामागे ५२ रुपये माल. तिचे नेहमीचे प्रमाण ४६. सहा टक्के ऐकायला थोडे वाटते, पण ताटामागे ११५ धरले तर २८,७५० लागायला हवे होते. म्हणजे ३,७५० रुपये जादा गेले. ठरलेला खर्च काढून साडेपाच हजार उरायचे, तिथे उरले जेमतेम १,८००.

शिल्लक मोजताना दाणा न दाणा तोलत बसू नका. मासे, तांदूळ, तेल, नारळ आणि गॅस एवढेच मोजा. हळद-मिठाने कुणी बुडत नाही. १९ किलोचा सिलिंडर एका आठवड्यात घेतला आणि पुढच्या आठवड्यात संपला, तर ज्या आठवड्यात जितका जळला तितकाच त्यात धरा. नाहीतर टक्का उगाच वर-खाली नाचतो. जीएसटी गोळा करत असाल तर तो विक्रीत धरू नका, ते पैसे तुमचे नाहीत. आणि पुढच्या तारखेची आगाऊ रक्कम आली असेल तर तीही या आठवड्याची विक्री नाही.

टक्का वाढला की आधी भाव पाहायचा. त्या आठवड्यात सुरमई सातशेनेच मिळत होती, आधीइतकीच. मग फुकटची ताटे पाहिली, तीही नेहमीएवढीच. उरली तुकडी. मी फ्रीजमधल्या तुकड्या काट्यावर ठेवल्या तेव्हा जाडी लगेच लक्षात आली. दोन किलो चारशेची सुरमई १,६८० ला येते. तिच्या सोळा तुकड्या पाडल्या की तुकडी १०५ ला पडते. आचारी बारा पाडत होता, म्हणजे १४० ला एक. त्या आठवड्यात शंभर सुरमई थाळ्या गेल्या, तिथेच ३,५०० रुपये निघून गेले. बाकीचे अडीचशे मी शोधले नाहीत.

आचाऱ्याचे म्हणणे होते, "बारीक तुकडी बघून गिऱ्हायक नाक मुरडतां." ते खोटे नव्हते. पण जाड तुकडी द्यायची तर थाळीचा दर तसा हवा, आणि तो मालकाने ठरवायचा, सुरीने नाही. वहिनीने दर तोच ठेवला आणि सोळा तुकड्या परत आणल्या. डोके आणि शेपटी आमटीत जातेच. पुढच्या सोमवारी शंभरामागे ४७ आले.

एका आठवड्याचा टक्का दोन-तीनने हलला तर धावपळ करू नका. वादळी वारे सुटले, होड्या दोन दिवस बाहेर पडल्या नाहीत की भाव चढतो आणि पुन्हा उतरतो. लागोपाठ दोन आठवडे वर राहिला किंवा एकदम पाच-सहाने उडाला, तर त्याच दिवशी काटा काढा.

तिसरा आकडा : पावसाळ्याची पेटी

ठरलेल्या खर्चातला जून ते सप्टेंबरचा वाटा वेगळा काढा. भाडे, हप्ता, घरखर्च आणि डागडुजी मिळून महिन्याला ४८,०००, चार महिन्यांचे १,९२,०००. चौतीस आठवड्यांत वाटले की आठवड्याला ५,६५० होतात. हा नवा खर्च नाही, वरच्या २८,२०० मध्येच तो आहे. पण गल्ल्यात राहिला तर राहत नाही. दर सोमवारी तो वेगळ्या बचत खात्यात टाका, आणि त्या खात्याचा क्यूआर कोड काउंटरवर लावू नका.

आकडा लिहायचा तो असा : पेटीत किती असायला हवे आणि किती आहे. ऑक्टोबरच्या मध्याला उघडलेल्या खानावळीचे वर्षअखेर अकरा आठवडे होतात, तेव्हा ६२,१५० हवेत. नाताळच्या गर्दीनंतरही पेटीत चाळीस हजारच असतील, तर धंदा बरा दिसत असला तरी आजारी आहे. एखाद्या मंद आठवड्यात कमी टाकले तर चालते, फरक मात्र लिहून ठेवा. तो मे महिन्यात भरायचा असतो.

चौथा आकडा : तीन आठवड्यांपेक्षा जुनी उधारी

हे थोडक्यात. शेजारचे होमस्टेवाले आणि सहलीवाले डबे उधारीवर नेतात. एकूण उधारी पाहू नका, तीन आठवडे उलटून गेलेली तेवढी पाहा. वहिनीचा नियम साधा : जुनी उधारी एका आठवड्याच्या मासळी-खरेदीच्या निम्म्यावर गेली की त्या माणसाला डबा रोखीने. दुसऱ्या बाजूला, मासेवालीचे आणि किराणा दुकानाचे तुम्ही किती देणे लागता तेही त्याच ओळीत लिहा. गल्ला भरलेला दिसतो तो कधीकधी मासेवालीच्याच पैशांनी.

एक खोच राहिली. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती तारखेने करू नका. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला होते आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. त्यामुळे २०२५ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा आधीच्या वर्षीच्या त्याच आठवड्यासमोर पडलेला दिसणारच, कारण दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी आधीच येऊन गेलेली असते. दिवाळीचा आठवडा दिवाळीच्या आठवड्यासमोर ठेवा, शिमग्याचा शिमग्यासमोर. म्हणून वहिनीच्या वहीत तारखेच्या शेजारी सण लिहायला एक रकाना आहे, आणि त्याच्या पुढे "वारा" असा आणखी एक. होड्या किती दिवस बाहेर पडल्या नाहीत, ते ती त्यात लिहिते.