पिरॅमिडच्या सेक्शनची कृती: तळाचे दोन बिंदू आधी

रिव्हिजनसाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या प्रत्येक प्रकारच्या प्रॉब्लेमची कृती एकेका कागदावर लिहून काढ, असं मी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं, आणि पहिला कागद त्याच्याबरोबर बसून मीच लिहिला. कारण फर्स्ट इयरला हाच प्रॉब्लेम मी पेपरात चुकवला होता. ड्रॉइंग स्वच्छ होतं, हॅचिंग नीट होतं आणि उत्तर चूक होतं. पंचकोन यायचा तिथे मी चौकोन काढून आलो. तळाचे दोन बिंदू राहिले होते. खालची सगळी कृती त्या दोन बिंदूंभोवती लिहिली आहे.

प्रॉब्लेम असा घे. चौरस पिरॅमिड, बेसची बाजू ४० मिमी, अक्ष ६० मिमी, बेस एचपीवर, बेसच्या सगळ्या बाजू व्हीपीशी सारख्या कोनात. सेक्शन प्लेन व्हीपीला लंब, एचपीशी ४५ अंश, आणि अक्षाला बेसपासून २० मिमी उंचीवर छेदणारा. शिखर असलेला भाग काढून टाकायचा. सेक्शनल टॉप व्ह्यू आणि ट्रू शेप हवा.

सामानाबद्दल फार सांगत नाही. २एच आणि एचबी, दोन्हींना टोक. डिव्हायडर मात्र विसरू नकोस, ट्रू शेपला पट्टीने मापं घेत बसलास तर अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच.

आधी अख्खा पिरॅमिड, २एचने, फिकट. बाजू सारख्या कोनात म्हणजे ४५ अंशांत, म्हणून चौरस टोकावर उभा राहतो आणि एक कर्ण एक्सवायला समांतर येतो. फर्स्ट अँगल आहे, टॉप व्ह्यू एक्सवायच्या खाली. कोपऱ्यांना नावं दे: डावा ए, खालचा बी, उजवा सी, वरचा डी, मध्ये ओ. कर्ण ५६.६ मिमी, म्हणजे ओपासून प्रत्येक कोपरा २८.३ मिमीवर. फ्रंट व्ह्यूमध्ये तळाची रुंदी ५६.६ दिसायला हवी. ४० दिसत असेल तर चौरस सरळ काढला आहेस, पुसून टाक. बी आणि डी या कोपऱ्यांच्या तिरक्या कडा फ्रंट व्ह्यूत एकमेकींवर येतात आणि अक्षाच्या जागी एकच उभी रेषा दिसते. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग सेक्शन प्लेनची रेषा. अक्षावर २० मिमीची खूण, तिथून ४५ अंश, उजवीकडे चढती. दोन्ही बाजूंना पुरेशी लांब काढ. डावीकडे ती एक्सवायला जाऊन टेकते. इथे थांब.

ती जिथे टेकते तो ठिपका अक्षापासून २० मिमी डावीकडे आहे. पिरॅमिडचा तळ त्या बाजूला २८.३ मिमीपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे ठिपका तळाच्या आत आहे आणि प्लेन बेसला कापून बाहेर पडतो. मी नेमका हाच ठिपका सोडला. पिरॅमिड एचपीवर बसलेला, म्हणून तळाची रेषा आणि एक्सवाय एकच. त्यामुळे तो ठिपका मला फक्त ‘प्लेनची रेषा एक्सवायला मिळते ती जागा’ वाटला, ठोकळ्यावरचा बिंदू वाटलाच नाही. त्याला लगेच ठळक कर आणि दोन नावं दे: ३ डॅश आणि ४ डॅश. एक ठिपका, दोन बिंदू. बेसची ए-बी ही बाजू पुढे आहे, ए-डी मागे, आणि प्लेन दोघींना कापतो. फ्रंट व्ह्यूत एकीमागे एक लपल्यामुळे ठिपका एकच दिसतो.

बाकीचे बिंदू सोपे. उजव्या तिरक्या कडेवर १ डॅश. अक्षाच्या उभ्या रेषेवर २ डॅश आणि ५ डॅश, तिथेही एक ठिपका, दोन बिंदू. म्हणजे फ्रंट व्ह्यूत तीन ठिपके आणि बिंदू पाच. एकही प्रोजेक्शन खाली सोडण्याआधी पाचही आकडे लिहून झाले पाहिजेत. आकडे मनात ठेवून चालत नाही.

आता मोजणी, ही कागदावर लाल पेनने लिही. प्लेन जितक्या पृष्ठांतून जातो तितक्याच बाजूंचा सेक्शन येतो, कारण सेक्शनची प्रत्येक बाजू एकेका पृष्ठावर पडलेली असते. इथे चार तिरकी पृष्ठं आणि पाचवा तळ. म्हणून पंचकोन. तळ मोज. मी फक्त तिरक्या कडा मोजल्या होत्या, कारण आदल्या आठवड्यात प्लेन अक्षाला मध्यावर छेदणारे प्रॉब्लेम केले होते. त्यात हाच पिरॅमिड, हेच ४५ अंश, पण उंची ३० मिमी. तिथे प्लेनची रेषा तळाच्या बाहेर जाऊन एक्सवायला मिळते, त्याआधीच डाव्या तिरक्या कडेला तळापासून जेमतेम ३ मिमीवर कापते, आणि सेक्शन पतंगासारखा चौकोन येतो. तो आकार डोक्यात बसला होता. प्लेन एक सेंटिमीटर खाली आला आणि आकार बदलला, हे मी पाहिलंच नाही. ४५ अंशाला सीमा २८.३ मिमीची आहे: अक्षावरची उंची त्याहून कमी असेल तर तळ कापला जातो, जास्त असेल तर नाही, आणि बरोबर तेवढीच असेल तर प्लेन ए कोपऱ्यातूनच जातो. पण हा आकडा पाठ करू नकोस, माप बदललं की तो बदलतो. रेषा काढ आणि ती तळाच्या आत टेकते की बाहेर ते बघ.

आता खाली टॉप व्ह्यूत. १ सरळ उतरतो, ओ-सीवर, मध्यापासून १२.८ मिमीला. २ आणि ५ सरळ उतरत नाहीत. त्यांच्या कडा उभ्या रेषेत दिसतात आणि टॉप व्ह्यूतही त्या उभ्याच आहेत, मग लंब टाकून छेद मिळणार कुठे? २ डॅशपासून आडवी रेषा उजव्या तिरक्या कडेपर्यंत ने, तिथून खाली ओ-सीवर उतर, आणि ओ केंद्र धरून कंपासने ती त्रिज्या ओ-बी आणि ओ-डीवर फिरव. २० मिमी उंचीवर पिरॅमिड आडवा कापला तर लहान चौरस मिळतो, त्याचे चारही कोपरे मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, म्हणून हे चालतं. अंतर १८.९ मिमी यायला हवं.

आणि पुन्हा ३ आणि ४. ठिपक्यातून लंब खाली सोड. टॉप व्ह्यूत तो तीन रेषांना छेदेल: ए-डी, मधली ओ-ए, आणि ए-बी. मधला छेद घ्यायचा नाही. मी तोच घेतला होता, आणि पतंग तिथेच झाला. ओ-ए ही तिरकी कड त्या जागी तळापासून सुमारे साडेसतरा मिमी उंच आहे, आपला बिंदू तळावर आहे. दोघांची उंची वेगळी, म्हणून तो बिंदू त्या कडेवर असूच शकत नाही. ३ ए-बीवर, ४ ए-डीवर, मधल्या रेषेपासून प्रत्येकी ८.३ मिमी. दोघांना जोडणारी सरळ रेषा ही सेक्शनची बाजू आहे, ती काढायची.

१, २, ३, ४, ५ याच क्रमाने जोड, पुन्हा १ वर ये. शेजारचे दोन बिंदू एकाच पृष्ठावर असतात, तेव्हाच जोडायचे. नंतर काय ठळक करायचं ते: ए कोपरा गेलेला आहे. तो प्लेनच्या वर येतो, म्हणून शिखराबरोबर तोही काढला जातो. उरलेला तळ ३ पासून बी, सी, डी करत ४ पर्यंत. तिरक्या कडा १ पासून सी, २ पासून बी, ५ पासून डी. बाकी सगळं फिकटच राहू दे. पेपर तपासणाऱ्याला टॉप व्ह्यूत ए कोपरा ठळक दिसला की तळ विसरला हे लगेच कळतं.

ट्रू शेप. सेक्शन प्लेनच्या रेषेला समांतर एक मधली रेषा मोकळ्या जागेत काढ. तिन्ही ठिपक्यांतून प्लेनच्या रेषेला लंब टाक. एक्सवायला लंब टाकलेस तर आकार पुन्हा आखूडच येईल. १ मधल्या रेषेवरच. २ आणि ५ दोन्ही बाजूंना १८.९. ३ आणि ४ दोन्ही बाजूंना ८.३. हो, इथेही ३ आणि ४, इथेही तळ. मापं टॉप व्ह्यूतून डिव्हायडरने उचल. ३-४ ही बाजू टॉप व्ह्यूत आणि ट्रू शेपमध्ये एकाच लांबीची, १६.६ मिमी, कारण ती एचपीवरच पडलेली आहे. डिव्हायडर दोन्हीकडे लावून बघ. सेक्शनची लांबी मात्र टॉप व्ह्यूत ३२.८ आणि ट्रू शेपमध्ये ४६.४ मिमी.

हॅचिंग ४५ अंश, बारीक, सारख्या अंतराने, टॉप व्ह्यूत आणि ट्रू शेपमध्ये, फ्रंट व्ह्यूत नाही. प्लेनची रेषा साखळी रेषा, टोकं जाड. मापं, टायटल ब्लॉक, ते तुला येतं.

शंकू आणि सिलिंडरचा वेगळा कागद लिही, पण पहिली ओळ हीच: प्लेन तळाला कापतो का? कापत असेल तर वक्र तिथे थांबतो आणि तळावर सरळ रेषा येते. मुलं सवयीने अख्खं लंबवर्तुळ बंद करून टाकतात. प्रिझमला वरचं पृष्ठही बघ. पेपरात वेळ उरला नाही तर हॅचिंग अर्धं सोड, ३ आणि ४ सोडू नकोस.