टिल्ट सेन्सर वरच्या पॅनलवर लावा

गॅरेजचे दार आडव्या पॅनलचे असेल, तर टिल्ट सेन्सर आतून सर्वांत वरच्या पॅनलवर लावा. दार थोडे उचलताच तेच आधी कलते, म्हणून फट राहिली तरी 'उघडे' असे कळते. खालचे पॅनल दार जवळजवळ पूर्ण वर जाईपर्यंत उभेच राहते. तिथला सेन्सर अर्धवट उघड्या दारालाही 'बंद' म्हणतो. दुकानाच्या गुंडाळल्या जाणाऱ्या शटरला मात्र टिल्ट सेन्सर नकोच: खालची पट्टी कधी कलत नाही आणि वरच्या पट्ट्यांवरचा सेन्सर गुंडाळीत चिरडतो. तिथे खालच्या पट्टीला चुंबक आणि चौकटीला रीड स्विच बसवा. दार हलताना टिल्ट सेन्सर उघडे-बंद असे उलटसुलट कळवत असेल, तर स्थिती 2 सेकंद टिकल्यावरच नोंद घ्या. ESPHome मध्ये त्यासाठी सेन्सरच्या `filters:` खाली ही ओळ:

```
- delayed_on_off: 2s
```