थकलेलं बिल आणि आठवणीचे मेल: या चुका टाळा

फ्रीलान्स डिझायनरचं बिल अडकलं की पहिला मेसेज जातो, "सर, पेमेंटचं काही झालं का?" आठवड्याने पुन्हा तोच. महिन्याने पुन्हा तोच, फक्त जरा चिडून. दर वेळी आवाज चढतो, पण विचारलेलं असतं तेच, म्हणून उत्तरही तेच येतं, "बघतो." खरं तर प्रत्येक आठवणीचं काम वेगळं हवं. पहिलीने बिल पोहोचल्याची खात्री करायची, दुसरीने तारीख घ्यायची, तिसरीने अडचण लेखी काढून घ्यायची आणि शेवटचीने पुढे काय होणार ते सांगायचं. बहुतेक चुका हा क्रम मोडल्याने होतात.

एक उदाहरण धरू. पुण्यातल्या डिझायनरने सांगलीच्या एका प्रायव्हेट लिमिटेड मसाला कंपनीसाठी सहा पाकिटांचं डिझाइन केलं. बिल ६०,००० रुपयांचं, तारीख २ जून. कंपनीने मेलवर मंजूर केलेल्या कोटेशनमध्ये १५ दिवसांची मुदत होती, म्हणजे पैसे १७ जूनपर्यंत यायला हवेत. कंपनी १० टक्के टीडीएस कापणार, म्हणून खात्यात ५४,००० येतील.

चुकीच्या माणसाला विचारणं

डिझायनरचं बोलणं असतं मार्केटिंगच्या माणसाशी, त्यामुळे आठवणही त्यालाच जाते, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याच्या हातात पैसे नसतात. तो "अकाउंट्सला सांगतो" म्हणतो आणि विसरतो. बिल अनेकदा अगदी साध्या कारणाने पडून असतं. पीओ, म्हणजे खरेदी आदेशाचा, नंबर लिहिलेला नसतो, व्हेंडर म्हणून नोंद झालेली नसते, किंवा कॅन्सल्ड चेक हवा असतो आणि तो कुणी मागितलेलाच नसतो. म्हणून पहिला मेल मुदत संपण्याआधीच, १३ जूनच्या सुमारास, अकाउंट्सला जावा आणि मार्केटिंगचा माणूस सीसीमध्ये असावा:

> नमस्कार. बिल क्र. १४ (२ जून, ६०,००० रुपये) सोबत पुन्हा जोडलं आहे. त्याची मुदत १७ जूनला संपते. बिल तुमच्याकडे नोंदलं गेलं आहे का, आणि माझ्याकडून आणखी कुठला कागद हवा आहे का, एवढं कळवाल का?

यात पैसे मागितलेलेच नाहीत, तरी हा मेल सगळ्यात उपयोगी पडतो. "हो, नोंद झाली" हे एका ओळीचं उत्तर आलं, तर "बिल मिळालंच नाही" ही सबब पुढे चालत नाही.

संकोचाने विचारणं

"त्रास देतोय, माफ करा", "जमलं तर बघा", "घाई नाही" ही वाक्यं दुसऱ्या मेलमध्ये हमखास येतात. "घाई नाही" असं वाचल्यावर अकाउंट्सचा माणूस बिल खरोखरच मागे ठेवतो, कारण त्याच्या टेबलावर घाईची बिलं पुष्कळ असतात. सूर गोड ठेवा, प्रश्न मात्र नेमका विचारा. बऱ्याच कंपन्यांत पेमेंट ठरावीक दिवशीच सुटतात, तेव्हा १९ जूनला तेच विचारावं: "बिल क्र. १४ ची मुदत परवा संपली. तुमच्या पुढच्या पेमेंटच्या फेरीत ते आहे का? असल्यास कोणत्या तारखेला?" "लवकरच" असं उत्तर आलं तर त्याच दिवशी परत लिहा, "२६ जून धरू का?"

फोनवर बोलून गप्प बसणं

२६ जून उलटला की फोन करायलाच हवा, त्याशिवाय खरं कारण कळत नाही. पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेल गेला नाही तर त्या बोलण्याला किंमत उरत नाही. "आत्ता बोलल्याप्रमाणे, डिझाइनबद्दल तक्रार नाही, साहेबांची सही बाकी आहे आणि पैसे ८ जुलैपर्यंत येतील" एवढं लिहा आणि "बरोबर ना?" असं विचारा. देणं मान्य असल्याची समोरच्याची लेखी कबुली पुढे फार कामी येते. असा दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्या काळात दिलेल्या लेखी, सहीच्या कबुलीपासून ती नव्याने मोजली जाते.

आणखी एक खूण बघून ठेवा. कंपनीने बिल खात्यात नोंदवून टीडीएस कापला असेल, तर तो तुमच्या पॅनवर, प्राप्तिकराच्या २६एएस विवरणात दिसतो. एप्रिल ते जूनचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ जुलै असते, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बघावं. ६,००० रुपये तिथे दिसत असतील, तर "कामच मंजूर नव्हतं" असं म्हणणं कंपनीला अवघड जाईल.

चुकीचा कायदा दाखवणं

८ जुलैही कोरडा गेला की सूर बदलायचा, आणि इथे चुका महागात पडतात. "पोलिसांत जाईन" किंवा "सोशल मीडियावर नाव टाकेन" असं लिहू नका. थकलेलं बिल हे मुळात दिवाणी प्रकरण आहे, आणि जाहीर बदनामी अंगाशी येऊ शकते.

दुसरी चूक ऐकीव माहितीतून होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही, ही तरतूद खरी आहे. पण त्याच आर्थिक वर्षात, उशिराने का होईना, पैसे दिले तर वजावट मिळते. म्हणजे जूनच्या बिलासाठी जुलैत हे लिहिलं तर कंपनीचा सीए ते बाजूला ठेवतो. त्याचा जोर मार्चअखेरीसच.

जुलैत चालतो तो २००६ चा एमएसएमई कायदा. त्यानुसार लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त धरता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ६ टक्के धरला तर दर १८ टक्के होतो, म्हणजे ५४,००० वर पहिल्या महिन्याला ८१० रुपये. अट एकच, काम देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी झालेली हवी. थकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलासाठी धरून चालू नका. नोंदणी मोफत आहे आणि तिचा क्रमांक बिलावरच छापावा.

शेवटचं पत्र पुन्हा पुन्हा पाठवणं

"शेवटची सूचना" तिसऱ्यांदा आली की ती कुणी वाचत नाही. ऑगस्टमध्ये एकच पाठवा, मेलने आणि स्पीड पोस्टने, मालकाच्या नावाने. त्यात विशेषणं नकोत. बिल, आधीच्या मेलच्या तारखा, त्यांनी दिलेली आश्वासनं, आजपर्यंतचं व्याज आणि एक तारीख, एवढंच:

> ही रक्कम २५ ऑगस्टपर्यंत जमा न झाल्यास २६ ऑगस्टला मी सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करेन.

जे करणार नाही ते लिहू नका. "डिझाइन वापरता येणार नाही" हे वाक्यही, पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क देण्याचं लेखी ठरलं असेल तरच लिहा. ही परिषद एमएसएमई कायद्याखालचीच, ती आधी समझोत्याचा प्रयत्न करते आणि तो फसला तर प्रकरण लवादाकडे जातं. याला महिने लागू शकतात, म्हणून अर्जाची कागदपत्रं पत्र पाठवण्याआधीच एका फोल्डरमध्ये लावून ठेवा.

पत्र गेल्यावर अनेकदा २०,००० रुपये येतात आणि सोबत मेसेज, "आता मिटलं ना?" पैसे घ्यावेत, पण त्याच दिवशी लिहावं: "२०,००० बिल क्र. १४ पोटी मिळाले. मुद्दलातले ३४,००० आणि व्याज बाकी आहे. २५ ऑगस्टची तारीख कायम आहे."