टोल-पार्किंगच्या पावतीचा फोटो वाचून ट्रिप शीट भरताय? या चुका टाळा

महिनाअखेरीला ट्रिप शीट भरायला बसलं की ड्रायव्हर मंडळींनी पाठवलेले पावत्यांचे फोटो एकामागोमाग उघडावे लागतात. पुसट आकडा अंदाजाने भरायचा आणि पुढे सरकायचं, ही सगळ्यात महागात पडणारी सवय. तो आकडा बरोबर आहे का, हे बऱ्याचदा पावतीच सांगते. फक्त वेळ आणि रक्कम वेगवेगळी न वाचता एकमेकांशी ताडून पाहायला हवी.

मॉलच्या पार्किंगचं उदाहरण घेऊ. पावतीवर आत येण्याची वेळ 11:42 स्पष्ट दिसते. बाहेर पडण्याची वेळ 1?:07, मधला आकडा उडालेला. तो 3 असेल, 5 असेल किंवा 8. खाली एकूण 80 रुपये आहेत आणि दर आहे पहिल्या दोन तासांना 40, पुढच्या प्रत्येक तासाला किंवा त्याच्या भागाला 20. आता एकेक वेळ लावून पाहा. 13:07 धरली तर गाडी 1 तास 25 मिनिटं उभी होती, म्हणजे 40 रुपयेच व्हायला हवेत. 18:07 धरली तर 6 तास 25 मिनिटं, म्हणजे 140. 15:07 ला 3 तास 25 मिनिटं होतात, दोन तासांचे 40 आणि पुढच्या दोन तासांचे 40, बरोबर 80. म्हणून आकडा 5.

पण या ताळ्याची मर्यादाही लक्षात ठेवा. 14:42 नंतर 15:42 पर्यंत गाडी कधीही बाहेर पडली तरी 80 रुपयेच लागतात. त्यामुळे 07 आहे की 01, हे रकमेवरून कधीच कळणार नाही. तासाचा आकडा कळतो, मिनिटांचा नाही. काही पावत्यांवर एकूण कालावधी वेगळा छापलेला असतो. तो असेल तर मिनिटंही पक्की होतात. नसेल तर शीटवर ‘मिनिटं अस्पष्ट’ असं लिहा.

रकमेतही घोटाळा होतो. त्याच पावतीवर 67.80, 6.10, 6.10 आणि 80.00 असे चार आकडे असतात: मूळ रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी आणि एकूण. ड्रायव्हरच्या खिशातून गेले ते 80, तेच शीटवर यायला हवेत. खाली कधी ‘पावती हरवल्यास 500 रुपये दंड’ अशी ओळ असते, ती ठळक असल्यामुळे घाईत तोच आकडा उचलला जातो.

रात्रीच्या गाड्यांना तारीख बघितल्याशिवाय वेळ लिहूच नका. 22:50 ला आत आणि 01:10 ला बाहेर म्हणजे 2 तास 20 मिनिटं, पण बाहेरची तारीख पुढच्या दिवसाची. बारा तासांच्या घड्याळाची पावती असेल तर एएम-पीएम उजव्या कडेला असतं आणि फोटोत नेमकं तेच कापलं जातं. 12:20 एएम म्हणजे 00:20, दुपार नव्हे.

टोलची पावती याच साच्यात बसवायला गेलं की चुकतं. खालापूर किंवा तळेगावसारख्या नाक्यावर गाडी ओलांडल्याची एकच वेळ असते. ती ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा दोन्ही रकान्यांत उतरवू नका. एकात लिहा, दुसरा रिकामा सोडा. समृद्धी महामार्गावर मात्र किती अंतर कापलं त्यावर टोल लागतो, त्यामुळे कुठून चढलो आणि कुठे उतरलो हे दोन्ही लिहावं लागतं. जाण्या-येण्याच्या एकत्रित पावतीवर मुदत संपण्याची वेळ छापलेली असेल तर ती ‘बाहेर’ची वेळ समजू नका. परतीचे पैसे जातानाच भरलेले असतात, म्हणून येतानाच्या ओळीत टोल शून्य.

राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावर नेहमीपेक्षा दुप्पट रक्कम दिसली तर ती ‘दुरुस्त’ करू नका. चालू फास्टॅग नसताना रोख भरली की दुप्पटच घेतात. ड्रायव्हरला विचारा आणि शेऱ्यात कारण लिहा.

फोटो काढतानाची काळजी ड्रायव्हरलाच घ्यावी लागते. थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो आणि शाई मुळात नसल्याने अक्षरं उडतात, म्हणून पावती डॅशबोर्डवर उन्हात ठेवायची नाही, लॅमिनेट तर अजिबात करायची नाही. हातात येताच घडी न घालता सपाट जागेवर ठेवून, फ्लॅश बंद करून, चारही कडा दिसतील असा वरून फोटो घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो कॉम्प्रेस होतो आणि बारीक ठिपक्यांतून 3 चा 8 होतो. शिवाय फोटो कधी काढला ती नोंदही निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते, आणि पावतीवरची बाहेरची वेळ पुसट असेल तेव्हा फोटोची वेळ पाहून निदान गाडी कोणत्या तासात बाहेर पडली हे पडताळता येतं.