फळीवरचे फाउल, पण चूक सुरुवातीच्या पावलांत

लांब उडीत पाऊल उडीच्या फळीपुढे पडून माझे निम्म्याहून अधिक प्रयत्न फाउल होत आणि धावेच्या सुरुवातीची खूण मागेपुढे करूनही उपयोग होत नसे. अखेर एका सहकाऱ्याला फळीच्या सहा पावले अलीकडे बसवले आणि १६ पावलांच्या बारा धावांत, फाउल धरून, तेथील पाऊल व फळीवरचे पाऊल यांचे वाळूकडील कडेपासूनचे अंतर टेपने मोजले.

फळीवर सर्वांत पुढच्या आणि मागच्या पावलांत २८ सेंटिमीटरांचा फरक होता, तर सहा पावले आधी तब्बल ४६. म्हणजे पहिल्या दहा पावलांत झालेली चूक मी शेवटी फळी पाहून, पावले ताणून किंवा आखडून झाकत होतो आणि त्यात वेग गमावत होतो.

कारण होते चालत येऊन धाव सुरू करण्याची सवय. आता डावा पाय खुणेवर स्थिर ठेवून निघतो. तीन आठवड्यांनी सहा पावले आधीचा फरक १९ आणि फळीवरचा १४ झाला. तेव्हा कुठे सरासरीला अर्थ आला: पाऊल सरासरीने कडेच्या ९ सेंटिमीटर पुढे पडत होते, म्हणून ते सरासरीने कडेच्या ९ सेंटिमीटर अलीकडे यावे यासाठी सुरुवात १८ सेंटिमीटर मागे नेली. समोरून वारा असेल, तर मात्र खूण सरावउड्यांतच पुन्हा तपासावी लागते.